लस दंडावर दिली, मग जखमेत आणखी सुया कशाला?

प्रश्न: मुलगा ९ वर्षांचा, वजन २२ किलो. परवा शाळेतून येताना भटका कुत्रा पिंडरीला चावला, दोन दात खोल गेले. सरकारी दवाखान्यात दोन्ही दंडांवर लस दिली आणि वर जखमेतच सुई फिरवून फिरवून औषध भरलं. पोरगं किंचाळत होतं. लसीने शरीर स्वतःच अँटिबॉडी बनवतं ना? मग हे कशाला? त्याची प्रतिकारशक्ती उत्तम आहे, वर्षभरात साधा ताप नाही. मला मागच्या वर्षी कुत्रा चावला तेव्हा (लहानपणी पूर्ण कोर्स झाला होता) दोनदाच बोलावलं, जखमेत काही टोचलं नाही. नेमकं कोणाचं चुकलं?

उत्तर:

कोणाचंच चुकलेलं नाही. तुमचं दोन डोसांवर भागलं ते बरोबर आणि मुलाला जखमेत टोचलं तेही बरोबर. तुम्ही सुया मोजताय, पण इथे मोजायचे असतात दिवस. रेबीजचा विषाणू नसेत शिरायला किती दिवस घेणार आणि मुलाचं शरीर कामाच्या अँटिबॉडी तयार करायला किती दिवस घेणार, एवढाच सवाल आहे. पहिला आकडा कोणीच सांगू शकत नाही. दुसरा बराचसा ठाऊक आहे, आणि तो बेताचा नाही.

मी जखम पाहिलेली नाही, हे आधीच सांगतो. चावा कुठे आहे, किती खोल आहे, मुलाला दुसरी काही औषधं चालू आहेत का, यावर बरंच ठरतं. पुढच्या डोसांचा निर्णय तिथल्या डॉक्टरांचाच. मी चोवीस वर्षं तालुक्याच्या गावी कुत्रं चावलेली माणसं बघतोय, त्यावरून हे लिहितो.

घोळ होतो तो ‘प्रतिकारशक्ती’ या एकाच शब्दामुळे. आपण ती टाकीतल्या पाण्यासारखी समजतो, कोणाची भरलेली, कोणाची अर्धी. प्रत्यक्षात शरीरात दोन वेगळ्या व्यवस्था आहेत आणि दोघींचं घड्याळ वेगळं चालतं. पहिली जन्मजात. कातडी हा तिचा पहिला भाग, आणि कुत्र्याच्या दाताने तोच फाडला. त्यानंतर काही मिनिटांत तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, जागा लाल होते, सुजते, ठणकते. काही तासांत रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जखमेत उतरतात आणि जंतू गिळायला लागतात. जखमेतला पू म्हणजे मुख्यतः याच मेलेल्या पेशी. ही फौज चेहरा ओळखत नाही, फक्त गणवेश ओळखते. जिवाणूच्या भिंतीचा तुकडा, विषाणूच्या आरएनएची ठेवण, फुटलेल्या पेशीतून सांडलेला माल, अशा ठरावीक खुणा दिसल्या की ती धावून जाते. तोच जंतू दहाव्यांदा आला तरी ती जवळपास पहिल्यासारखीच वागते.

वर्षभर ताप आला नाही यात या व्यवस्थेचा वाटा नक्कीच आहे. पण रेबीज हिच्या नजरेला सहसा पडतच नाही. लाळेतून आत जाणारा विषाणू थोडा असतो, आणि तो ज्या स्नायूत पडतो तिथल्या पेशी फोडत नाही. फोडल्या असत्या तर बोंब झाली असती. त्यावर, विषाणू शिरलेली पेशी शेजारणींना सावध करायला जे इंटरफेरॉन सोडते, त्याचा निरोप दाबून टाकणारं एक प्रथिन या विषाणूपाशी आहे. म्हणजे जखम लाल झाली, ठणकली, मग सुकली, हे सगळं खरं, पण ती लढाई कुत्र्याच्या तोंडातल्या जिवाणूंशी होती. ‘जखम बरी झाली डॉक्टर, आता तिसऱ्या डोसला कशाला येऊ?’ असं म्हणणारा माणूस मला दर महिन्याला भेटतो. त्याचं निरीक्षण बरोबर असतं, निष्कर्ष चुकतो.

पिंडरीच्या स्नायूत नस जिथे संपते त्या जोडावर हा विषाणू चिकटतो आणि नसेत शिरतो. आत शिरल्यावर त्याला कोणी हात लावू शकत नाही, कारण अँटिबॉडी रक्तात आणि पेशींच्या बाहेरच्या द्रवात फिरतात, नसेच्या आत जात नाहीत. तिथून तो पाठीच्या कण्याकडे आणि मेंदूकडे सरकतो, दिवसाला काही मिलिमीटरपासून काही सेंटिमीटरपर्यंत. लक्षणं बहुतेकदा दोन-तीन महिन्यांनी दिसतात, पण आठवड्यात दिसल्याची आणि वर्षाने दिसल्याचीही उदाहरणं आहेत. एकदा लक्षणं दिसली की माणूस वाचत नाही असंच धरून चालावं लागतं. म्हणून जे काय करायचं ते विषाणू स्नायूत असेपर्यंत, नसेच्या बाहेरच. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायला सांगतात ते याचसाठी. विषाणूचं वरचं आवरण चरबीचं असतं, साबणाने ते फुटतं. चुना, मिरची, रॉकेल यांनी फक्त कातडी जळते.

आता दंडावरची लस. तुमच्या वर्णनावरून ती कातडीत दिलेली दिसते, प्रत्येक दंडावर ०.१ मिली. कातडीत डेंड्रायटिक पेशी भरपूर असतात, म्हणून इतक्या थोड्या लसीवर काम होतं. या पेशी जन्मजात व्यवस्थेतल्या, पण दुसऱ्या व्यवस्थेला जागं करण्याचं काम त्यांचंच. त्या लसीतला मेलेला विषाणू गिळतात, त्याचे तुकडे करून अंगावर मिरवतात आणि काखेतल्या लसिका गाठीकडे निघतात. हाताला जखम झाली की काखेत अवधाण येतं, ते याच गाठींमध्ये.

गाठीत लाखो टी पेशी आणि बी पेशी असतात, आणि जवळजवळ प्रत्येकीचा ग्राहक, म्हणजे ओळखण्याचा साचा, वेगळा. रेबीजच्या तुकड्यावर नेमकी बसणारी टी पेशी लाखात एखादी. ती सापडेपर्यंतच दोन-तीन दिवस जातात. सापडली की ती भराभर दुणावते आणि मदतनीस टी पेशींची पलटण उभी राहते. तिकडे विषाणूच्या पृष्ठभागावरचं जी नावाचं प्रथिन ओळखणारी एखादी बी पेशी ते प्रथिन आत ओढते, चिरते आणि तुकडे मदतनीस टी पेशीला दाखवते. टी पेशीची खात्री पटली की ती बी पेशीला कामाला लागायचा इशारा देते. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक तुमची, एक मॅनेजरची, तसाच हा प्रकार. बी पेशीपाशी अँटिबॉडी बनवायचा कारखाना आहे, पण टी पेशीच्या किल्लीशिवाय तो नीट चालत नाही. आपलं शरीर स्वतःविरुद्धच अँटिबॉडी बनवत सुटू नये म्हणून ठेवलेला हा बंदोबस्त आहे, आणि त्याची किंमत दिवसांत मोजावी लागते.

किल्ली मिळाल्यावर काही बी पेशी लगेच अँटिबॉडी ओतायला लागतात. सुरुवातीला येते ती आयजीएम. ती पाच जोडांची, अवजड, बहुतेक रक्तातच राहते. बाकीच्या बी पेशी गाठीत थांबून आपला साचा किंचित बदलून बघतात, ज्यांचा साचा जास्त घट्ट बसतो त्या टिकतात, बाकीच्या मरतात. त्यांच्यातून आयजीजी येते. ती आटोपशीर असल्याने रक्तातून बाहेर पडून मांसापर्यंत पोचते. पहिल्या डोसपासून साधारण सातव्या ते दहाव्या दिवशी अँटिबॉडी मोजता येतात, आणि चौदाव्या दिवसापर्यंत निरोगी माणसाच्या रक्तात मिलिलिटरला ०.५ युनिटच्या वर गेलेल्या असतात. शरीराने लसीला पुरेसा प्रतिसाद दिला, असं आम्ही त्या आकड्यावरून समजतो.

या अँटिबॉडी विषाणूच्या जी प्रथिनावर बसतात, म्हणजे नसेला चिकटण्याची त्याची जागाच अडवतात. टी पेशींमध्ये आणखी एक जात असते, मारेकरी टी पेशी. विषाणू शिरलेली पेशीच त्या मारून टाकतात. सर्दी-फ्लूमध्ये त्यांचं काम मोठं असतं. इथे त्यांच्यावर भिस्त ठेवता येत नाही. मेलेल्या विषाणूच्या लसीने त्या फारशा जाग्या होत नाहीत, आणि मेंदूतल्या पेशी मारून रोग बरा करणं हा काही उपाय नव्हे.

मग मुलाच्या हिशेबात पहिले सात ते दहा दिवस रिकामे उरतात. जन्मजात व्यवस्थेला विषाणू दिसत नाही आणि दुसरी अजून किल्ल्या जुळवतेय. ही फट भरायला दुसऱ्याच्या तयार अँटिबॉडी उसन्या आणायच्या. जखमेत भरलं ते हेच. त्या लस घेतलेल्या घोड्याच्या रक्तातून काढतात, लस घेतलेल्या माणसांच्या रक्तातून काढतात, किंवा अलीकडे कारखान्यात बनवतात. कारखान्यातल्यांना मोनोक्लोनल म्हणतात, त्यातली एक पुण्यात बनते. सरकारी दवाखान्यात बहुधा घोड्याचं सिरम असतं. त्याचा हिशेब किलोमागे ४० युनिट. तुमच्या मुलाला २२ गुणिले ४०, म्हणजे ८८० युनिट. बाटलीत मिलिलिटरला ३०० युनिट असतील तर जवळपास तीन मिली. दोन दातांच्या भोकांत आणि त्यांच्या कडेने तीन मिली द्रव भरायचा म्हणजे सुई फिरवावीच लागणार. नऊ वर्षांच्या पोराला ते दुखणारच, त्याला इलाज नाही.

हेच औषध कमरेत एकदम का नाही टोचलं? माझ्या सुरुवातीच्या काळात अनेक ठिकाणी तसंच चालायचं, आणि दुसरीकडून तसं करून आलेले पेशंट मी पाहिले आहेत, जखमेला मात्र हातही न लावलेला. कमरेत दिलं की त्या अँटिबॉडी सगळ्या रक्तात आणि सगळ्या अंगात पसरतात, पिंडरीतल्या त्या दोन भोकांपाशी अगदी थोड्या पोचतात. विषाणू तिथे आहे, म्हणून औषधही तिथेच हवं.

फक्त लसीवर का भागत नाही, याचं उदाहरण १९५४ सालचं, इराणमधल्या एका खेड्यातलं. पिसाळलेला लांडगा गावात शिरला आणि २९ जणांना चावला. तेहरानच्या पाश्चर इन्स्टिट्यूटने त्यांच्यावर उपचार केले. डोक्याला चावा बसलेल्यांपैकी पाच जणांना फक्त लस मिळाली, त्यातले तीन दगावले. लस आणि सिरम दोन्ही मिळालेल्या तेरा जणांपैकी एक दगावला. डोक्यातून मेंदूचं अंतर किती, तर बोटभर. तिथे लसीच्या अँटिबॉडी म्हणजे वरातीमागून घोडं. पिंडरीचं अंतर जास्त, म्हणून वेळ थोडा जास्त मिळतो, पण त्या भरवशावर कोणी राहू नये.

कोणाला वाटेल, उसन्या इतक्या चांगल्या तर दुप्पट द्याव्यात. त्यानेच नुकसान होतं. उसन्या अँटिबॉडी लसीतल्या विषाणूलाही चिकटतात आणि त्याला झाकतात, मग बी पेशींना दिसायला काही उरत नाही. म्हणून मात्रा वजनावर बांधलेली असते, आणि लस व सिरम एकाच जागी देत नाहीत. त्याच कारणाने पहिल्या डोसला सात दिवस उलटले की सिरम द्यायचं नाही, तोवर स्वतःच्या येऊ लागलेल्या असतात. उसन्यांचा दुसरा तोटा असा की त्या कारखाना ठेवून जात नाहीत. माणसाच्या आयजीजीतली निम्मी साधारण तीन आठवड्यांत संपते, घोड्याची त्याहून लवकर.

टी आणि बी पेशींचं काम पुस्तकात वाचण्यापेक्षा मला दोन पेशंटमुळे नीट कळलं. एक एचआयव्हीबाधित तरुण, त्याने गोळ्या मध्येच सोडल्या होत्या. एचआयव्ही मारतो तो मदतनीस टी पेशींना. बी पेशी होत्या, कारखाना होता, किल्ली देणारं कोणी नव्हतं. लसीचे सगळे डोस वेळेवर होऊनही त्याच्या अँटिबॉडी ०.५ युनिटला पोचल्या नाहीत. गोळ्या परत सुरू करून, जादा डोस देऊन, पुन्हा तपासून त्या वर आल्या. दुसऱ्या एक काकू, संधिवातासाठी रिटुक्सिमॅब घेतलेल्या. ते औषध बी पेशीच साफ करतं. म्हणजे टी पेशी किल्ली घेऊन उभ्या आणि कारखान्याची जागा रिकामी. काकूंचं सगळं जखमेतल्या सिरमवर होतं. कुत्रं शेजाऱ्यांचं होतं आणि दहा दिवसांनंतरही धडधाकट फिरत होतं, म्हणून माझा जीव भांड्यात पडला. अशा लोकांना किरकोळ ओरखड्यालाही आम्ही सिरम देतो आणि शेवटच्या डोसनंतर दोन ते चार आठवड्यांत अँटिबॉडी मोजायला सांगतो. बाकीच्यांना ती तपासणी लागत नाही. मुलाला स्टिरॉइड किंवा तसलं काही चालू असेल तर आजच डॉक्टरांच्या कानावर घाला.

आता तुमची गोष्ट. लहानपणच्या कोर्सनंतर तुमच्या शरीरात रेबीज ओळखणाऱ्या टी आणि बी पेशींचे वंशज शिल्लक राहिले. आम्ही त्यांना स्मृतिपेशी म्हणतो. त्या लाखात एक नाहीत, पुष्कळ आहेत, आणि बी पेशींचे साचे आधीच घासूनपुसून घट्ट झालेले आहेत. लसीचा इशारा मिळाला की काही दिवसांतच त्या आयजीजी ओतायला लागतात. जी फट भरायला मुलाला सिरम लागलं, ती तुमच्यात जवळपास नव्हतीच. उलट सिरम दिलं असतं तर लस झाकली गेली असती. म्हणून पहिला डोस आणि त्यानंतर तीन दिवसांनी दुसरा, बस. अट एकच, आधीचा कोर्स खरोखर पूर्ण झालेला हवा. ‘लहानपणी काहीतरी इंजेक्शनं घेतली होती’ एवढ्यावर मी दोन डोसांचा जुगार खेळत नाही. कागद किंवा खात्रीची माहिती नसेल तर नवीन पेशंट समजून सगळं देतो.

मुलाला कातडीत लस दिली असेल तर पुढच्या तारखा पहिल्या दिवसापासून ३, ७ आणि २८ अशा असतील. स्नायूत दिली असेल तर ३, ७, १४ आणि २८. केसपेपरवर बघून घ्या. घोड्याचं सिरम दिलं असेल तर आणखी एका गोष्टीकडे लक्ष ठेवा. एक-दोन आठवड्यांनी एखाद्या मुलाला ताप येतो, अंगावर पित्तासारखे फोड उठतात, सांधे दुखतात. मुलाच्या बी पेशींनी घोड्याच्या प्रथिनालाच परकं ठरवून त्याविरुद्ध अँटिबॉडी बनवल्या, असा त्याचा अर्थ. शुद्ध केलेल्या सिरमने हे क्वचित होतं आणि बहुतेकदा साध्या औषधांनी थांबतं. तसं झालं तर दवाखान्यात दाखवा, पण ‘इंजेक्शन बाधलं’ म्हणून लस बंद करू नका. बाधलं असेल ते सिरम, आणि ते पुन्हा द्यायचंच नाही. केसपेपरची प्रत काढून मुलाच्या जन्मदाखल्यासोबत ठेवा. पंधरा वर्षांनी त्याला पुन्हा कुत्रं चावलं तर जखमेत सुया टोचायच्या की नाही, हे त्या कागदावरून ठरेल.